नोंदणी विवाह की मंगल कार्यालय? : बेताच्या शिलकीतील एक निवड

पुण्याच्या नारायण पेठेत केसरीवाड्यापासून लक्ष्मी रस्त्याकडे निघाले की लग्नाचा बाजार कोठे सुरू होतो हे वेगळे सांगावे लागत नाही. एका बाजूला शालू-पैठण्यांची दुकाने, दुसऱ्या बाजूला सराफी पेढ्या, अप्पा बळवंत चौकाच्या अंगाला गेल्यास लग्नपत्रिकांचे नमुने. तुळशीचे लग्न लागले की येथील गर्दी वाढू लागते आणि आषाढी एकादशीपर्यंत ती कमीअधिक प्रमाणात टिकून राहते. याच पेठेतील जुन्या वाड्यांत आणि वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी, नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत चार पैसे बाजूला टाकलेली तरुण मंडळीही आहेत. लग्न ठरताच त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा : मंगल कार्यालय घेऊन चारशे पाने उठवावयाची, की ‘कोर्ट मॅरेज’ करून मोकळे व्हावयाचे?

प्रश्न असा मांडला जातो तेव्हा त्यातच एक गैरसमज दडलेला असतो. मंगल कार्यालयातील लग्न आणि नोंदणी या एकमेकींना पर्याय असलेल्या गोष्टी आहेत, असे त्यातून सूचित होते. वस्तुतः कार्यालयात वाजतगाजत लागलेल्या लग्नाचीही नोंदणी करावीच लागते. उलटपक्षी, केवळ नोंदणी केल्याने प्रत्येक वेळी विवाह झाला असे होत नाही. हा भेद नीट ध्यानात न घेता घेतलेल्या निर्णयाने पुढे जी अडचण उभी राहते ती पैशाच्या अडचणीहून अधिक जाचक असते. म्हणून खर्चाकडे वळण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहणे इष्ट ठरेल.

दोन नोंदण्या, दोन अर्थ

‘कोर्ट मॅरेज’ हा शब्द रूढ असला तरी या विवाहाचा न्यायालयाशी एरवी संबंध येत नाही. विशेष विवाह अधिनियम, १९५४ अन्वये राज्य शासनाने नेमलेल्या विवाह अधिकाऱ्यासमोर हा विवाह होतो. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे. येथे अधिकारी आधी झालेल्या विवाहाची केवळ नोंद घेत नाही. विवाहच त्याच्यासमोर लागतो. वर आणि वधू यांनी परस्परांचा कायदेशीर पती व पत्नी म्हणून स्वीकार करीत असल्याचे शब्द, त्यांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्या उपस्थितीत एकमेकांना उद्देशून उच्चारले, की विवाह पूर्ण होतो. यापेक्षा अधिक विधीची कायद्याला अपेक्षा नाही. कोणाला हार घालावयाचे असतील, अक्षता टाकावयाच्या असतील, तर त्याला आडकाठीही नाही. त्यानंतर विवाह प्रमाणपत्र पुस्तकात नोंद होऊन वर, वधू व तिन्ही साक्षीदारांच्या सह्या होतात. हे प्रमाणपत्र विवाहाचा निर्णायक पुरावा मानले जाते.

दुसरी नोंदणी निराळी आहे. महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ अन्वये, धार्मिक वा रूढ पद्धतीने आधीच झालेल्या विवाहाचे ज्ञापन नव्वद दिवसांच्या आत विवाह निबंधकाकडे सादर करावयाचे असते. शहरात हे काम महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात होते. नारायण पेठेतील रहिवाशांना त्यासाठी कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयाकडे जावे लागते. खेड्यात ही जबाबदारी ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे असते. ज्ञापनाचा नमुना ‘ड’ भरून द्यावयाचा, त्यावर वर, वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी यांच्या सह्या घ्यावयाच्या, लग्नपत्रिका व छायाचित्र जोडावयाचे, पत्रिका छापली नसल्यास प्रतिज्ञापत्र द्यावयाचे, असा हा रिवाज आहे. मुदत टळल्यास विलंबाचे जादा शुल्क भरून नोंदणी होऊ शकते, आणि नोंदणी राहून गेली एवढ्यानेच विवाह रद्द होत नाही.

म्हणजेच पहिल्या प्रकारात शासकीय अधिकाऱ्यासमोर विवाह लागतो, तर दुसऱ्या प्रकारात अन्यत्र लागलेल्या विवाहाची नोंद होते. लग्न लागलेलेच नसेल तर दुसऱ्या प्रकारच्या नोंदीला आधार उरत नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ नुसार विवाह हा वधू वा वर यांच्या रूढ विधींनी व्हावा लागतो, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो.

ही केवळ शब्दच्छलाची बाब नाही, हे सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणावरून स्पष्ट होते. वैमानिक असलेल्या एका तरुण-तरुणीने २०२१ मध्ये एका खासगी संस्थेकडून विवाह झाल्याचे प्रमाणपत्र मिळविले आणि त्याच्या आधारे उत्तर प्रदेशात विवाहाची नोंदणीही केली. विधिपूर्वक लग्न पुढे थाटाने करावयाचे म्हणून त्याची तारीख २०२२ मधील ठरविण्यात आली होती. मध्यंतरी उभयतांत बेबनाव झाला आणि प्रकरण घटस्फोटापर्यंत गेले. एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना व न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने असा निर्णय दिला की, विधी झालेच नसल्याने हिंदू विवाह अधिनियमाखाली हा विवाह झालाच नाही. सबब संस्थेचे प्रमाणपत्र आणि शासकीय नोंदणी प्रमाणपत्र ही दोन्ही निरर्थक ठरतात. घटस्फोट देण्यासाठी मुळात विवाह असावा लागतो, तोच तेथे नव्हता.

पुण्यासारख्या शहरात ‘एका दिवसात कोर्ट मॅरेज’ असे फलक आणि जाहिराती दृष्टीस पडतात, त्यांच्याकडे या निर्णयाच्या प्रकाशात पाहावयास हवे. विशेष विवाह अधिनियमाखालील विवाह सूचनेनंतर तीस दिवस उलटल्याखेरीज होऊच शकत नाही. म्हणून जो कोणी आजच्या आज प्रमाणपत्र देण्याची हमी देतो, तो फार तर कोठे तरी घाईने धार्मिक विधी उरकून त्याची नोंद करून देत असतो. विधी खरोखर झाला असेल तर तो विवाह वैध ठरू शकतो. परंतु कागद झाला आणि विधी झालाच नाही, तर पैसे देऊन हाती येते ते वर वर्णिलेल्या वैमानिकांच्या हाती आले होते तेच. प्रमाणपत्रावर कोणत्या अधिनियमाचा उल्लेख आहे, सही विवाह अधिकाऱ्याची आहे, विवाह निबंधकाची आहे की संस्थेच्या पदाधिकाऱ्याची, एवढे पाहिले तरी उलगडा होतो.

सूचनेपासून सहीपर्यंत

आता एक जोडपे उदाहरणादाखल घेता येईल. मुलगा नारायण पेठेत भाड्याने राहतो व जवळच्या एका छापखान्यात कामाला आहे. मुलगी सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्याची असून तेथील एका पतसंस्थेत नोकरी करते. दोघांनी मिळून चार लाख रुपये साठविलेले आहेत. विशेष विवाह अधिनियमाखाली लग्न करावयाचे असल्यास दोघांपैकी किमान एक जण सूचनेच्या तारखेपूर्वी सलग तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असला पाहिजे. मुलाच्या वास्तव्यामुळे पुणे जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे सूचना देता येते. ती विभागाच्या संकेतस्थळावरून भरण्याचीही सोय आहे. भाड्याने राहणाऱ्यांची पहिली अडचण येथेच येते. आधार कार्डावर गावचा पत्ता आणि भाडेकरार तोंडी, अशी स्थिती असेल तर नारायण पेठेतील वास्तव्य सिद्ध कशाने करावयाचे? नोंदणीकृत भाडेकरार आधी करून घेतला असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही.

मिळालेली सूचना विवाह सूचना पुस्तकात नोंदवून तिची प्रत कार्यालयात दर्शनी जागी लावली जाते. मुलीचे कायमचे वास्तव्य सातारा जिल्ह्यात असल्याने एक प्रत तेथील विवाह अधिकाऱ्याकडे रवाना होते व तेथेही लावली जाते. घरच्यांना न कळविता विवाह करू इच्छिणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच जाणून घेणे बरे. प्रसिद्धीपासून तीस दिवसांत कोणाही व्यक्तीला हरकत घेता येते. परंतु ती कलम ४ मधील अटींपुरतीच मर्यादित आहे : आधीचा जोडीदार हयात असणे, मानसिक असमर्थता, वराचे वय एकवीस वा वधूचे अठरा पूर्ण नसणे, आणि निषिद्ध नाते. जात निराळी आहे, धर्म निराळा आहे, वडिलांची संमती नाही, ही कारणे हरकत म्हणून टिकत नाहीत. हरकत आलीच तर अधिकाऱ्याने तीस दिवसांत चौकशी करून निर्णय द्यावयाचा असतो. विवाह नाकारला गेल्यास जिल्हा न्यायालयात अपील करता येते. ‘कोर्ट मॅरेज’मध्ये कोर्ट येते ते इतकेच.

निषिद्ध नात्याच्या अटीबाबत मराठी कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रूढी महाराष्ट्रातील अनेक समाजांत आहे. विशेष विवाह अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत मामाची मुलगी व आत्याची मुलगी या दोन्ही नात्यांचा समावेश निषिद्ध नात्यांत केलेला आहे. रूढीचा अपवाद त्यात आहे, परंतु त्यासाठी ती रूढी राज्य शासनाने राजपत्रात अधिसूचित केलेली असावी लागते. हिंदू विवाह अधिनियमात समाजात चालत आलेली रूढी सिद्ध झाली की पुरते. त्यामुळे अशा नात्यातील जोडप्याने कमी खर्चासाठी विवाह अधिकाऱ्याकडे जाण्याऐवजी घरच्या घरी साधेपणाने विधी करून महानगरपालिकेत नोंद करणे अधिक सुरक्षित आहे.

उदाहरणातील जोडप्याने १० नोव्हेंबर रोजी सूचना दिली व ती त्याच दिवशी लावण्यात आली, असे धरले तर तीस दिवस १० डिसेंबरला पुरे होतात. त्यानंतर विवाह करता येतो. मात्र सूचना दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत, म्हणजे १० फेब्रुवारीच्या आत, तो उरकला नाही तर सूचना बाद होते आणि सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. जोडप्याच्या हाती असा दोन महिन्यांचा अवधी उरतो. घोटाळा होतो तो बहुधा येथे. नातेवाइकांसाठी स्वागत समारंभाची तारीख आधी ठरते, सभागृहाची अनामत भरली जाते आणि मग सूचना दिली जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव आणि आधार कार्डावरील नाव यांत एखाद्या अक्षराचा फरक निघतो, किंवा एखाद्याचा पूर्वी घटस्फोट झालेला असून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हाताशी नसते, आणि तारीख हुकते. सूचना स्वीकारली गेल्यावर तारीख ठरवावी, असा क्रम ठेवल्यास ही धावपळ टळते.

आणखी एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयातच हा विवाह व्हावा असे बंधन नाही. वाजवी अंतरावरील अन्य ठिकाणीही, जादा शुल्क भरून, तो लावता येतो. जिना उतरणे न जमणारी आजी वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर असेल, तर अधिकाऱ्याला तेथे येण्याची विनंती करता येते. अर्थात, अधिकाऱ्याच्या सवडीवर ते अवलंबून राहील. शासकीय शुल्क दोन्ही परींनी मंगल कार्यालयाच्या एका पंगतीच्या खर्चापुढे नगण्यच आहे.

कार्यालयाचा खर्च कोठे अडकतो

याच जोडप्याने मंगल कार्यालयाचा विचार केला तर हिशेब कसा पडेल? पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत. पेठेतील व पेठेबाहेरील दर निराळे असतात आणि हंगामाप्रमाणे बदलतात. साडेतीनशे पाहुणे, करासह दर ताटी चारशे रुपये, म्हणजे जेवणाचे १,४०,००० रुपये. सकाळच्या दोनशे जणांच्या नाश्त्याचे २०,०००. कार्यालयाचे भाडे ७५,००० व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून ८८,५००. सजावट व मांडव ३५,०००. छायाचित्रण ४०,०००. गुरुजी, पूजासाहित्य व पत्रिका मिळून २०,०००. एकूण ३,४३,५०० रुपये होतात. कपडे आणि मंगळसूत्र यात धरलेले नाही, कारण ते कोणत्याही पद्धतीच्या लग्नात लागणारच. चार लाखांतून हे वजा जाता ५६,५०० रुपये उरतात, आणि नव्या संसाराच्या खोलीची अनामत अद्याप भरावयाची असते.

अशा वेळी वडीलधारी मंडळी एक तोडगा सुचवितात : यादी थोडी आवरती घ्या. हा सल्ला वाटतो तितका उपयोगी नाही. वरील हिशेबात जेवण व नाश्ता वगळता १,८३,५०० रुपयांचा खर्च पाहुणे किती येतात यावर अवलंबूनच नाही. भाडे, कर, सजावट, छायाचित्रण, गुरुजी, पत्रिका हे सारे साडेतीनशे माणसे आली तरी तेवढेच आणि अडीचशे आली तरी जवळजवळ तेवढेच. यादीतून शंभर नावे कमी केली, म्हणजे शंभर घरांशी थोडाबहुत दुरावा पत्करला, तरी वाचतात चाळीस हजार. यादी आवरून खरी बचत व्हावयाची असेल तर ती इतकी आवरावी लागते की मोठ्या कार्यालयाचीच गरज उरू नये. मधल्या वाटेवर पैसा फारसा वाचत नाही आणि रुसवे मात्र पदरी पडतात.

याच्या उलट, पाहुणे वाढले तर खर्च लगेच वाढतो. आचारी किंवा कार्यालय किमान ताटांची हमी घेते, त्यापेक्षा कमी माणसे आली तरी पैसे द्यावे लागतात, आणि जास्त आली तर वरच्या प्रत्येक ताटाचे निराळे. पत्रिका ‘सहकुटुंब सहपरिवार’ अशी असते, त्यामुळे एका पत्रिकेमागे दोन माणसे येतील की सहा, याचा अंदाज अनुभवी यजमानालाही नेमका येत नाही. शंभर माणसे अधिक आली की उदाहरणातील जोडप्याकडे अवघे साडेसोळा हजार उरतात. आहेराने यातील काही भरून निघेल हा भरवसा आता धरता येत नाही. ‘आहेर आणू नये’ ही ओळ पत्रिकेवर असते, आणि नसली तरी आहेर हा पुढे कधी तरी फेडावयाचाच असतो. बेताच्या उत्पन्नाच्या घरात तो मिळकत म्हणून नव्हे, तर हातउसने म्हणून लिहून ठेवण्याची जुनी रीत आहे, ती काही विनाकारण नाही.

कार्यालयाची अनामत भरण्यापूर्वी लेखी पावतीवर पाहावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. हमीच्या ताटांची संख्या, वरच्या ताटाचा दर, भाडे करासह आहे की कराविना, बाहेरचा आचारी वा सजावटकार आणण्यास परवानगी आहे का, आणि तारीख बदलल्यास अनामतीचे काय होणार. तोंडी ठरलेले नंतर आठवणीवर जाते, आणि लग्नाच्या दिवशी वाद घालण्यास यजमानाला सवड नसते.

मोठ्या समारंभाच्या बाजूनेही काही बोलावयास हवे. नारायण पेठेत राहणाऱ्या कित्येक कुटुंबांची मुळे गावाकडे आहेत. भावकी, शेजार, कामावरचे सोबती यांच्या सुखदुःखात ही माणसे गेलेली असतात आणि त्यांना एका दिवशी बोलावून जेवू घालणे हे कर्तव्य समजले जाते. त्याला निव्वळ उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु हे कर्तव्य विवाहाच्या मुहूर्तावरच पार पाडले पाहिजे, असे कोणत्याही शास्त्रात वा कायद्यात नाही. चातुर्मासात मुहूर्त नसल्याने कार्यालये रिकामी असतात व भाड्यात घासाघीस होऊ शकते. विवाह आधी लागलेला असेल तर जेवण केव्हाही घालता येते, गावच्या देवळात पूजा घालून तर आणखी कमी खर्चात.

थोडे मागे वळून

साधेपणाने लग्न करणे ही शहरातील नव्या पिढीने काढलेली टूम आहे, असा समज पुण्यात तरी टिकण्याजोगा नाही. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी याच शहरात झाली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, सीताराम जबाजी आल्हाट व राधाबाई निंबणकर यांचा पहिला सत्यशोधक विवाह सावित्रीबाई फुले यांच्या पुढाकाराने झाला. पुरोहिताशिवाय झालेल्या या लग्नाचा खर्च पानसुपारीपुरताच होता. वर व वधू यांनी एकमेकांसमक्ष प्रतिज्ञा करावयाच्या, हा त्या पद्धतीचा गाभा होय. जोतीराव फुले यांनी १८८७ मध्ये हा विधी मंगलाष्टकांसह पुस्तकरूपानेही प्रसिद्ध केला. विवाह अधिकाऱ्यापुढे दोघांनी एकमेकांना उद्देशून स्वीकाराचे शब्द उच्चारण्याची १९५४ च्या अधिनियमातील रीत आणि ही प्रतिज्ञा यांतील साम्य सहज ध्यानात येण्यासारखे आहे.

विवाह अधिकाऱ्यापुढील विवाहाचा कायदाही तेवढाच जुना आहे. १८७२ च्या पहिल्या विशेष विवाह कायद्याखाली मात्र आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आदी कोणत्याही धर्माचे अनुयायी नाही असे जाहीर करावे लागे. पुढे १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्यातील विवाहांपुरती ही अट शिथिल झाली, आणि १९५४ च्या अधिनियमाने सर्वांसाठीच काढून टाकली. नोंदणी विवाहाचे मराठी वाचकांना सर्वाधिक परिचित उदाहरण म्हणजे पु. ल. देशपांडे व सुनीता ठाकूर यांचे. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरी येथे झालेल्या या विवाहाला अर्जाच्या आठ आण्यांखेरीज खर्च आला नाही आणि ते आठ आणेही वधूनेच दिले होते, हे सुनीताबाईंच्या ‘आहे मनोहर तरी’ या आत्मकथनामुळे घरोघरी पोहोचले.

चार लाखांचे काय करावयाचे

नारायण पेठेतील जोडप्याकडे पुन्हा वळल्यास, त्यांच्यापुढे खरे तर तीन वाटा आहेत. पहिली मंगल कार्यालयाची, तिचा हिशेब वर आलाच. दुसरी विवाह अधिकाऱ्यासमोरील विवाहाची. शुल्क, कागदपत्रांच्या प्रती, हार, छायाचित्रे यांचे सहा हजार आणि चाळीस जवळच्या माणसांना साडेतीनशे रुपये दराने जेवण म्हणजे चौदा हजार, असे वीस हजारांत ते भागते. तिसरी वाट या दोहोंच्या मधली आहे, आणि तिचा विचार सहसा होत नाही. घरी, देवळात किंवा लहान सभागृहात साठ माणसांसमक्ष गुरुजींकडून विधिपूर्वक लग्न लावून घ्यावयाचे आणि नव्वद दिवसांच्या आत क्षेत्रीय कार्यालयात त्याची नोंद करावयाची. गुरुजींचे पाच हजार, अर्ध्या दिवसाच्या जागेचे पंधरा, जेवणाचे एकवीस आणि छायाचित्रांचे दहा, मिळून एक्कावन्न हजार. मंगलाष्टका ऐकल्याखेरीज लग्न झाल्यासारखे वाटत नाही, असे म्हणणाऱ्या आईवडिलांना ही वाट पटते. तीस दिवसांची प्रतीक्षाही तीत नाही.

विवाह अधिकाऱ्यापुढे आधी लग्न करून नंतर कुटुंबाच्या समाधानासाठी विधी करणारी जोडपीही पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही, मात्र त्या विधीची तारीख घेऊन क्षेत्रीय कार्यालयात दुसरी नोंद करू नये. विवाह पहिल्या तारखेलाच झालेला असतो. एकाच जोडप्याची दोन तारखांची दोन प्रमाणपत्रे तयार झाली की वारसनोंद, विमा किंवा परदेशी जाण्याचा परवाना यांच्या कामी खुलासे देत बसावे लागते. याच्या उलट क्रमाने, म्हणजे विधी आधी झालेला असून विशेष विवाह अधिनियमाखालील प्रमाणपत्र हवे असेल, तर पुन्हा लग्न लावण्याची गरज नाही. कलम १५ खाली त्या विवाहाची नोंदणी होते, पण त्या वेळी दोघांचीही वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात आणि तीस दिवसांची सूचना तेथेही चुकत नाही.

विशेष विवाह अधिनियमाखाली लग्न केल्यास वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क जातो, अशी भीती खेडेगावात अजून ऐकू येते. १९७६ पूर्वी तिला थोडा आधार होता. कारण या अधिनियमाखाली विवाह करणारा हिंदू एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे मानले जाई व वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होई. त्या वर्षी घातलेल्या कलम २१-अ ने वर व वधू दोघेही हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असतील तर ही तरतूद लागू राहिली नाही. दोघांचे धर्म या गटाबाहेर जात असतील, तेथे मात्र ती आजही लागू आहे आणि अशा जोडप्याने मृत्युपत्राचा विचार वेळीच करावा.

आंतरजातीय विवाहासाठी महाराष्ट्रात समाजकल्याण विभागाकडून पन्नास हजार रुपयांचे प्रोत्साहनपर साहाय्य आहे. दोघांपैकी एक जण अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती वा विशेष मागास प्रवर्गातील असल्यास त्यासाठी अर्ज करता येतो. शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील मुलींसाठी असलेल्या शुभमंगल योजनेत सामूहिक विवाहांबरोबर नोंदणीकृत विवाहांचाही समावेश आहे. तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात करावी. दोन्ही ठिकाणी सर्वप्रथम मागितला जाणारा कागद विवाह प्रमाणपत्राचाच असतो, म्हणून कार्यालयात लग्न करणाऱ्यांनीही नव्वद दिवसांची मुदत दवडू नये.

उदाहरणातील जोडप्याने दुसरी वाट पत्करली, तर त्यांना नोव्हेंबरच्या सूचनेआधी ऑक्टोबरमध्येच भाडेकराराची नोंदणी करून घ्यावी लागेल. दोघांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवरील आणि आधार कार्डांवरील नावे अक्षरशः ताडून पाहावी लागतील. ठरलेल्या दिवशी तीन साक्षीदार मूळ ओळखपत्रांसह वेळेवर हजर लागतील. वाईहून येणारे मामा साक्षीदारांत असतील तर चौथा एक जण पुण्यातलाच तयार ठेवलेला बरा. घाटात वाहतूक अडली तर विवाह अधिकारी थांबून राहतीलच असे नाही.